आई-अप्पांचं घर : पलंगापासून मोरीपर्यंतची अकरा पावलं (परभणी)

परभणीचा_पाहुणा · १३ एप्रिल, रात्री १०:४२

मंडळी, मदत पाहिजे. थोडं लांबलचक लिहितो, अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

घर परभणीला, ९६ साली बांधलेलं. मी हिंजवडीत, बहीण नागपूरला, घरी आई आणि अप्पा दोघंच. आई ७१, अप्पा ७६. मागच्या बुधवारी रात्री अडीचच्या सुमारास आई मोरीकडं जायला उठली आणि पलंगाजवळच पडली. हाड मोडलं नाही एवढंच नशीब, मनगट सुजलं आणि कंबरेला मुका मार बसला. अप्पांना कमी ऐकू येतं, त्यांना पहाटे जाग आली तेव्हा कळलं. तोवर ही माउली पलंगाला टेकून खाली बसलेली, अप्पांची झोपमोड नको म्हणून हाक सुद्धा मारली नाही. आणि मला हे कळलं शनिवारी, तेही शेजारच्या काकूंकडून.

२०१९ ला अप्पांनी हौसेनं खोल्यांमधली शाहबादी काढून पांढऱ्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स टाकल्या, आरशासारख्या. मधल्या बोळात अजून जुनी शाहबादीच आहे. मोरीत साध्या पांढऱ्या टाइल्स, त्यातच कमोड. आईचे गुडघे दुखतात म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच उंच बॉक्सचा पलंग आणि सहा इंची फोमची गादी घेऊन दिली.

आता माझा प्लॅन असा की सगळ्या घरातल्या टाइल्स उखडायच्या आणि अँटी-स्किड टाकायच्या. मिस्त्रीनं एक लाख साठ हजार सांगितलेत, वर महिनाभर घरात धूळ. दुसरं म्हणजे दवाखान्यात असतो तसा कडीचा पलंग घ्यावा का? कुणी हे केलंय का?

दिलखुलास_दादा · रात्री ११:०५

बॉक्सचा पलंग विकायचाय का? गादीसकट किती म्हणता? मी सेलूला असतो, टेम्पो आपला आपण आणतो.

परभणीचा_पाहुणा · रात्री ११:०९

दादा विकायला काढला नाही ओ. पूर्ण वाचा की.

उंच_माणूस · १४ एप्रिल, सकाळी ७:२०

टाइल्स वगैरे नंतर बघा, पलंग अजून उंच करा. आमच्या आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बसायची जागा उंचच पाहिजे, सोफ्याखाली पण ठोकळे घातले आम्ही. उंचावरून उठायला जोर लागत नाही, साधं गणित आहे. खाली चारी पायांना दोन दोन विटा लावा, फुकटात काम होतं.

मृण्मयी_ओटी · सकाळी ९:४८

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, छत्रपती संभाजीनगरला असते, वयस्कर लोकांच्या घरी जाऊन हेच काम करते. विटा लावू नका प्लीज. एकतर त्या गुळगुळीत टाइलवर सरकतात, आणि ह्या केसमध्ये पलंग आधीच उंच असणार असा मला दाट संशय आहे.

पाहुणे, टाइल्सचं काम चार दिवस थांबवा आणि आधी मला एवढं सांगा. आई उठल्यापासून पडेपर्यंत नेमकं काय झालं, पाऊल कशावर पडलं, हातानं काय धरायला गेल्या, पाय ओले होते का, लाइट लावला होता का. "टाइलवरून घसरली" असं नको, ते आपण ठरवलेलं उत्तर असतं. आणि टेप घेऊन तीन मापं घ्या. आईंना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत किती. तेच अप्पांचं. आणि पलंगाची उंची, पण रिकाम्या पलंगाची नाही, आई कडेला बसल्यावर गादी दबून जिथं येते तिथली.

परभणीचा_पाहुणा · रात्री ९:३१

मावसभाऊ गंगाखेडहून येऊन मापं घेऊन गेला, मी व्हिडिओ कॉलवर होतो. आईची उंची चार फूट दहा इंच, गुडघ्यामागचं माप १५ इंच. अप्पा पाच फूट सात, त्यांचं १७. पलंगाची फळी १६ इंचांवर, गादी ६, म्हणजे २२. आई कडेला बसली की गादी दबून २० होते.

आणि ताई, मला आजच दिसलं, आई पलंगावर बसली की तिचे पाय लोंबकळतात. शाळेतल्या बाकावरच्या लहान पोरासारखे. दोन वर्षं व्हिडिओ कॉल करायलोय पण फोन कायम तोंडावर असतो, पाय कधी दिसलेच नाहीत.

त्या रात्रीचं: लाइट लावला नव्हता. बटण दाराजवळ आहे, पलंगापासून सात-आठ फूट, आणि ट्यूब लावली की अप्पा उठतात. ती कडेवरून घसरत खाली आली, पाऊल पायपुसण्यावर पडलं, ते सरकलं, तिनं प्लास्टिकची खुर्ची धरली तर खुर्ची पण सरकली. पाय कोरडेच होते.

मृण्मयी_ओटी · रात्री १०:५०

तुमच्या आई पलंगावरून उठत नाहीत, उतरतात. रोज रात्री पाच इंच खाली, चवड्यावर, अंधारात, कापडाच्या तुकड्यावर. दोन वर्षांत पहिल्यांदाच पडल्या याचंच मला नवल वाटलं.

उंचीचं असं आहे. उठायला सोपं पडावं म्हणून बसायची जागा गुडघ्यामागच्या मापापेक्षा दीड-दोन इंच वर असावी. म्हणजे मांडी गुडघ्याकडं किंचित उतरती राहते आणि टाच पूर्ण टेकते. टाच टेकलीच पाहिजे, त्यावर तडजोड नाही. आईंना दबलेल्या गादीवर साडेसोळा-सतरा पाहिजे, अप्पांना साडेअठरा-एकोणीस. उंच_माणूस यांच्या डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांच्या आईसाठी बरोबरच होतं, खुब्याच्या ऑपरेशननंतर खुबा फार वाकू द्यायचा नसतो. पण तिथंही पाय टेकेपर्यंतच उंच, त्यापुढं नाही.

दुसरी गोष्ट उंचीइतकीच महत्त्वाची आहे आणि दुकानात कुणी सांगत नाही. आत्ता खुर्चीवर बसा, पाय पुढं ठेवा आणि हात न लावता उठून बघा. उठता येत नाही. आता पाय खुर्चीखाली ओढून घ्या, लगेच उठाल. आपण सगळे उठताना पावलं गुडघ्याच्या मागं नेतो, अर्धा वीत तरी. बॉक्सच्या पलंगाला खाली जमिनीपर्यंत फळी असते, टाच मागं जाऊच शकत नाही. म्हणून माणूस अंग पुढं झोकून देतो, आणि पाय सरकला की संपलं. म्हाताऱ्या माणसांना बॉक्सचा पलंग देऊ नये हे मी दहा घरांत सांगते, आठ घरांत ऐकत नाहीत कारण रजया कुठं ठेवायच्या.

उंच_माणूस · रात्री ११:१५

आमच्या आईला तर काही त्रास झाला नाही उंच पलंगाचा.

मृण्मयी_ओटी · रात्री ११:२१

तुमच्या आई उंच असतील ना?

उंच_माणूस · रात्री ११:२४

पाच सहा. बरं ठीक आहे.

काटेरी_बाभूळ · १५ एप्रिल, सकाळी ८:०२

आमचं लातूरचं वेगळंच दुखणं आहे, इथं टाकू का नवीन धागा काढू माहीत नाही, टाकतोच. नळाला पाणी रोज येत नाही त्यामुळं बोळात दोन निळे ड्रम, मोरीत तीन बादल्या, घागरी, वर टाकीचा पाइप आडवा. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून आमच्या नानांच्या मनात जी भीती बसली ती बसलीच, रिकामं भांडं दिसलं की भरून ठेवतात. ड्रममधून तांब्यानं पाणी घेताना सांडतं आणि तिथली शाहबादी सतत ओली. दोनदा घसरले. ड्रम हलवू देत नाहीत, म्हणतात मी मेल्यावर हलवा. तुमच्यासारखं टेपनं मोजून सुटणारं असतं तर बरं झालं असतं.

मृण्मयी_ओटी · सकाळी ८:४०

नाना बरोबरच आहेत, पाण्याशिवाय कसं चालेल. ड्रम राहू द्या, फक्त पाणी काढायची पद्धत बदला. ड्रमला खालून तोटी बसवून घ्या, ड्रम सिमेंटच्या दोन ब्लॉकवर असा ठेवा की तोटीखाली बादली बसेल, आणि तोटी मोरीच्या बाजूला फिरवा. सांडेल ते मोरीत सांडेल. आणि पाइप भिंतीला क्लिपा मारून वर घ्या, पाण्याइतकेच लोक पाइपला अडखळून पडतात. कूलरच्या वायरीचं आणि पाइपाचंही तेच, आता सीझन आलाच आहे.

फरशीवाला_शेख · दुपारी १:१२

नांदेडहून. तेवीस वर्षं झाले फरशी बसवायलो भाऊ. एक लाख साठ हजार वाचवा, खोलीतल्या टाइलला काही करू नका. व्हिट्रिफाइड कोरडी असली तर एवढी घसरत नाही, ओली झाली किंवा वर पावडर, तेल पडलं तर घसरते. खोलीत पाणी कुठून येतं? मोरीतून ओल्या पायानं. म्हणून काम मोरीत करा.

मोरीत तीन गोष्टी ध्यानात ठेवा. टाइलवर टाइल चिकटवू देऊ नका, स्वस्त पडतं म्हणून सगळे करतात पण मसाला धरून पाऊण इंच लेव्हल वर येते, मग दाराशी नवीन ठेच लागते आणि जाळीकडचा उतार पण बिघडतो, पाणी कोपऱ्यात साचतं. दुसरं, टाइल लहान घ्या, बारा बाय बारा किंवा त्याहून लहान. जितके सांधे जास्त तितकी पकड. तिसरं, दुकानदार मॅट दाखवून अँटी-स्किड म्हणतो, बॉक्सवर बघा आर-१० का आर-११ लिहिलंय. आर-९ मोरीला घेऊ नका.

आणि बोळातल्या शाहबादीवर ॲसिड मारून घ्या, खरखरीत होते, पाय धरते. पैसे नाहीत लागत.

मृण्मयी_ओटी · दुपारी ३:३०

शेखभाई, उताराचं आणि टाइलवर टाइलचं तुम्ही सांगितलं ते सोन्यासारखं आहे, मी दोन घरांत ती पाऊण इंचाची ठेच बघितली आहे. अर्ध्या-पाऊण इंचाची पायरी सरळ सहा इंचांच्या पायरीपेक्षा वाईट, कारण दिसत नाही आणि म्हातारी माणसं पाऊल फार उचलत नाहीत.

आर नंबरबद्दल थोडी भर. ती चाचणी बूट घालून, तेल लावलेल्या उतारावर घेतात. मोरीत आपण अनवाणी असतो. अनवाणी पायासाठी वेगळी ए, बी, सी अशी प्रतवारी असते, बॉक्सवर ती मिळाली तर बी बघा. नसेल तर आर-१० किंवा ११ चालेल, पण दुकानात टाइलवर पाणी ओतून चप्पल काढून उभं राहून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

शाहबादीवर ॲसिड मात्र नको. शाहबादी आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड, ॲसिडनं फेसाळतात. सुरुवातीला खरखरीत लागते हे खरं, पण सगळीकडं सारखी नाही, कुठं खड्डा कुठं गुळगुळीत, आणि त्या खड्ड्यांत मळ-साबण बसून वर्षभरात पहिल्यापेक्षा निसरडी.

फरशीवाला_शेख · दुपारी ४:०५

वर्षभरात पुन्हा मारायचं. आमच्या मस्जिदीच्या वजूच्या जागेला तसंच करतो.

मृण्मयी_ओटी · दुपारी ४:११

तिथं दर वर्षी करणारे तुम्ही आहात. ह्यांच्या घरी कोण करणार? टाकी मारून घेतलेली शाहबादी मिळते ना अजून, खोदलेल्या पृष्ठाची? बोळ बदलायचाच असला तर ती घाला.

फरशीवाला_शेख · दुपारी ४:२०

टाकीची मिळते. हाताची मजुरी महाग झाली पण मिळते. बरं, ते बरोबर आहे.

परभणीचा_पाहुणा · रात्री ९:५५

आमच्या मोरीच्या टाइल्स मॅट आहेत, बॉक्स कधीच गेला पण हाताला चकाकी नाही. तरी आई म्हणते बुळबुळीत लागते, विशेषतः आंघोळीनंतर. मग आर नंबरचा काय उपयोग?

मृण्मयी_ओटी · रात्री १०:३६

पाणी बोअरचं आहे ना? नळाच्या तोटीवर, बादलीच्या काठावर पांढरा थर बसतो का? मग घसरण टाइलची नाही, थराची आहे. क्षाराच्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही, त्याची चिकट साय होते, तीच डोक्यावर चिपचिपी राहते आणि तीच टाइलवर बसते. टाइलचे बारीक खडबडीत खळगे त्या सायीनं भरून जातात आणि वरून प्लास्टिकसारखा पापुद्रा तयार होतो. कोरडा असताना कळत नाही, ओला झाला की बुळबुळीत.

ओळखायचं असं: कमोडमागचा, जिथं आंघोळीचं पाणी जात नाही असा कोपरा ओला करून अंगठा दाबून ओढा, मग आंघोळीच्या जागी ओढा. एकीकडं चर्रर्र आवाज येईल, दुसरीकडं अंगठा नुसता सरकेल. मग किराणा दुकानातून लिंबूसत्व आणा, लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे शीग लावून, पंधरा मिनिटं टाइलवर ठेवायचं, ब्रशनं घासायचं, धुवायचं. पुन्हा अंगठा. आवाज आला तर टाइल चांगली आहे, एक रुपयाची फरशी बदलायची गरज नाही. महिन्यातून एकदा पुरे, रोज केलं तर सांध्यातलं सिमेंट खातं. हे फक्त टाइलवर, बोळातल्या शाहबादीकडं एक थेंब जाऊ देऊ नका. आणि त्यात ब्लीचिंग किंवा फिनेलच्या बाटलीतलं दुसरं काही मिसळू नका, ब्लीचिंगबरोबर विषारी वायू होतो आणि मोरी बंद खोली असते.

आंघोळ झाली की पाणी वायपरनं ओढायचं, पण ते आईंनी नाही. वाकून वायपर ओढतानाच पडलेल्या दोन बायका माझ्या पेशंट आहेत.

अंबाजोगाईची_लेक · १६ एप्रिल, सकाळी १०:१५

वाचतेय कालपासून. एक विचारायचं, उंबरठ्याचं काय करायचं? आमच्याकडं इंजिनिअरनं सांगितलं सगळे उंबरठे काढून टाका. सासूबाई रोज हळद-कुंकू लावतात त्याला, काढायचा विषय काढला की डोळ्यात पाणी. आणि खरं सांगू, मलाही काढवत नाही.

मृण्मयी_ओटी · सकाळी ११:०२

मुख्य दाराचा राहू द्या हो. तो त्यांना पन्नास वर्षं पाठ आहे, पाय आपोआप उचलला जातो. त्याच्या कडेला चौकटीवर हात धरायला एक उभी मूठ बसवा आणि काठाला पिवळी पट्टी, कुंकवाच्या आड येणार नाही अशी. मोरीचा मात्र काढा नाहीतर कमी करा, तिथं ओल्या पायानं, अर्ध्या झोपेत जायचं असतं.

मुरुडचा_इंजिनिअर · दुपारी १२:४०

मोरीचा उंबरा काढला तर पाणी खोलीत येतं, हे कुणी सांगत नाही. उतार आधी चांगला पाहिजे, जुन्या मोऱ्यांमध्ये जाळी बहुतेक दाराच्या विरुद्ध कोपऱ्यात असते आणि उतार जेमतेम. उंबरा काढून पाणी बाहेर आलं तर चकचकीत टाइलवर ओल, म्हणजे आधीपेक्षा वाईट. माझ्या मते अर्धा इंच ठेवून दोन्ही बाजूंनी उतरता करावा.

मृण्मयी_ओटी · दुपारी १:०५

हे मान्य. घर बघितल्याशिवाय ह्याचं एक उत्तर नाही.

परभणीचा_पाहुणा · रात्री १०:२०

लिंबूसत्वानं खरंच आवाज आला ताई! मावसभावानं व्हिडिओ पाठवला, चर्रर्र. एक लाख साठ हजारांचा आवाज होता तो.

आता लाइटचं. मी ऑनलाइन सेन्सरवाले सहा लाइट मागवलेत, माणूस हलला की लागतात. पांढरे, एकदम भगभगीत. पुरेल ना?

मृण्मयी_ओटी · रात्री ११:१०

भगभगीत नको. ह्या वयात बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, म्हणून त्यांना आपल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट उजेड लागतो हे खरं, पण ते संध्याकाळी भाजी निवडताना, गोळ्या वाचताना. रात्री अडीचला डोळा अंधाराला सरावलेला असतो, त्यावर ट्यूब पडली की दिपतो, आणि परत येऊन ट्यूब बंद केली की पुन्हा कितीतरी वेळ काहीच दिसत नाही. तरुणापेक्षा म्हाताऱ्याला सरावायला जास्त वेळ लागतो. शिवाय पांढऱ्या चकचकीत टाइलवर वरचा लाइट आरशासारखा पडतो, मोतीबिंदू असेल तर ती चकाकी त्यांना पाणी सांडल्यासारखी दिसते आणि ते तिथं पाऊल चुकवतात.

म्हणून पिवळसर, मंद, आणि खाली. घोट्याच्या उंचीला, जमिनीपासून वीतभर. आपला जुना झिरो बल्ब भिंतीवर वर असतो, आपलीच सावली आपल्या पायांवर पडते. खालचा लाइट फरशीवर पडतो आणि पलंगावर पडलेल्या माणसाला दिवा दिसत नाही, म्हणजे अप्पांची झोपमोड नाही. पलंगाखाली एक, बोळात एक, मोरीच्या दारात एक. सहाची गरज नाही.

आणि परभणी आहे म्हणून सांगते, सेन्सरवर विसंबू नका. तो माणसाच्या अंगाची उष्णता हलताना ओळखतो. मे महिन्यात रात्री खोलीच पस्तीस डिग्रीला असली की अंगात आणि भिंतीत फरक राहत नाही, सेन्सर आंधळा होतो. ऐन उन्हाळ्यात, जेव्हा माणूस सारखं पाणी पिऊन रात्री तीनदा उठतो. त्यापेक्षा रात्रभर जळणारा अर्ध्या वॉटचा प्लगचा दिवा, अंधार पडला की आपोआप लागणारा, आणि प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर. बोर्डाच्या लाइनवर असला तर लोडशेडिंगमध्ये नेमका तेव्हाच गुल.

काटेरी_बाभूळ · रात्री ११:३०

सेन्सरचं खरंय, आमचा मागच्या मे मध्ये बंद पडला म्हणून मी फेकून दिला. जुलैत कळलं असतं की चांगला होता.

दिलखुलास_दादा · रात्री ११:३४

मग आता पलंग विकणार का?

परभणीचा_पाहुणा · १९ एप्रिल, दुपारी ४:००

सुट्टी काढून घरी आलोय. ताईंनी मेसेजमधून एक सांगितलं होतं ते इथं लिहितो कारण कुणाला तरी उपयोगी पडेल. म्हणाल्या, हँडल कुठं बसवायचं ते कॅटलॉगमध्ये शोधू नका, भिंत बघा. बघितली. पलंगापासून मोरीपर्यंत भिंतीवर, रंगावर, बरोबर आईच्या कोपराच्या उंचीला तेलकट काळपट डाग आहेत. बोळाच्या कोपऱ्यावर एक, चौकटीवर एक, आणि मोरीत टॉवेलच्या दांडीच्या भिंतीवर मोठा. टॉवेलची दांडी हातात घेऊन हलवली तर स्क्रू सैल. म्हणजे ती रोज त्या दांडीला धरून कमोडवरून उठायची. मी दर दिवाळीला ते डाग बघून म्हणायचो, रंग द्यावा लागेल.

तीन डाग, तीन हँडल. भिंत विटांची निघाली म्हणून लांब बोल्ट बसले, नंतर मी स्वतः, ७८ किलो, लटकून बघितलं.

आईला माळ्यावरची जुनी लाकडी खाट काढून दिली, फळी १४ इंच, वर कापसाची चार इंची गादी, बसल्यावर साडेसोळा. खालून मोकळी, टाच मागं जाते. पहिल्यांदा नवारीची बाज काढली होती पण ती मधे झोळ खाते आणि कडेचा दांडा मांडीत रुततो, उठवेना. खुर्ची पलंगाजवळून हलवली, पायपुसणं फेकलं.

अंबाजोगाईची_लेक · संध्याकाळी ६:१२

ते डागांचं वाचून उठून आमच्या भिंती बघून आले. देवघराच्या कोनाड्याखाली एक आहे. कधी लक्षच गेलं नव्हतं.

उंच_माणूस · संध्याकाळी ७:४०

अप्पांचं काय? ते जेवायला खाली पाटावर बसतात का? आमच्या डॉक्टरांनी खाली बसणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं.

परभणीचा_पाहुणा · संध्याकाळी ७:५५

बसतात, पूजेला पण. उठताना चौरंगाला हात लावून उठतात. डायनिंग टेबल घेतलंय पण त्यावर पेपर असतात.

मृण्मयी_ओटी · रात्री ९:०५

चौरंग हलतो, त्याऐवजी जवळ जड काहीतरी असू द्या. पण उठता येतंय तोवर मी बंद करणार नाही. जो माणूस रोज जमिनीवरून उठतो त्याला पडल्यावरही उठता येतं.

मुरुडचा_इंजिनिअर · रात्री ९:३०

आणि एखाद्या दिवशी उठता उठता पडले तर? माझ्या वडिलांचं तसंच झालं. मी नाही पटवून घेणार हे.

मृण्मयी_ओटी · रात्री ९:४४

तुमचा अनुभव आहे, मी वाद घालत नाही. गुडघा-खुब्याचं ऑपरेशन झालेल्याला मीही बंदच सांगते.

परभणीचा_पाहुणा · २६ मे, रात्री ११:१८

अपडेट. सेन्सरवाले दिवे ताईंनी सांगितल्याप्रमाणं मागच्या आठवड्यात बेभरवशाचे झाले, एक तर आई दोनदा समोरून गेली तरी लागला नाही. प्लगचे पिवळे दिवे चालू आहेत. आई म्हणते आता मोरीपर्यंत "वाट दिसती". पांढऱ्या मोरीत लाल बादली आणि कमोडला निळी सीट, अप्पांना आवडली नाही, पण मोतीबिंदूच्या डोळ्याला दिसते म्हणतात.

एक नवीन भानगड. खाट भिंतीला होती आणि अप्पांचा पलंग दुसऱ्या भिंतीला. अप्पांना ऐकू कमी येतं, रात्री आईनं हाक मारली तर कळत नाही म्हणून त्यांनी स्वतःच खाट ओढून पलंगाला चिकटवली. आता पलंग एकोणीस-वीसवर, खाट साडेसोळावर, मधे फट आणि तीन इंचांची पायरी, आणि आई कधीकधी झोपेत कूस बदलून त्या फटीत हात घालून झोपते. वेगळी करा म्हटलं तर दोघंही ऐकत नाहीत. पलंगाचा खालचा बॉक्स सुताराकडून कापून पाय लावता येतील का? का अप्पांचीच गादी पातळ करू?

फरशीवाला_शेख · २७ मे, सकाळी ७:०२

बॉक्स कापता येतो, माझा एक सुतार जिंतूरला आहे. पण प्लायचा असला तर पायाला खाली लोखंडी अँगल घालावं लागेल, नाहीतर वजनानं फाटतो. फोटो टाका.

दिलखुलास_दादा · सकाळी ७:१५

कापायच्या आधी मला एकदा दाखवा.

मृण्मयी_ओटी · सकाळी ८:३०

कापू नका अजून. आधी अप्पांची गादी बदलून बघा, सहाऐवजी चार इंची घट्ट कॉयरची, ती दबते कमी. बसल्यावर त्यांना किती येते ते मोजून सांगा, आणि ह्यावेळी खाटेचे पाय कुठं टेकतात त्याचाही फोटो, पायाखाली रबर आहे का ते बघायचंय.

परभणीचा_पाहुणा · सकाळी ८:४१

रबर नाही. पाठवतो संध्याकाळी.